पिवळा रंग गेला कुठे?

घोडेगावच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात मी साधी वायर आणायला गेले आणि दोन तास तिथेच बसून राहिले. बाहेर आभाळ भरून आलं होतं, पण थांबण्याचं कारण ते नव्हतं. दुकानात एक आजी टीव्ही घ्यायला आल्या होत्या. आयुष्यातला पहिला टीव्ही! त्या टीव्हीच्या निमित्तानं दुकानातल्या ताईनं जे काय दाखवलं, ते बघता बघता मी माझी वायर विसरूनच गेले. त्या दोन तासांची ही गोष्ट.

आजी आल्या होत्या डिंभे धरणाच्याही पलीकडून, आहुप्याच्या बाजूच्या एका वाडीवरून. त्या भागात हिरड्याची झाडं भरपूर. हिरड्याची कोवळी फळं वेचून वाळवली की तो बाळहिरडा होतो आणि व्यापारी तो विकत घेतात. आजींनी त्या हिरड्याचे पैसे लुगड्याच्या ओच्यात नीट बांधून आणले होते. बरोबर आश्रमशाळेत सहावीत शिकणारा नातू. नातू टीव्हीकडे बघत होता आणि आजी दाराकडे.

“आजी, या ना आत. बसा,” ताई म्हणाली.

“नको गं पोरी. मला ह्यातलं काय कळत नाय. चुकून काय दाबलं न् बिघडलं म्हंजी?”

“बिघडत नाही. आणि बिघडलं तर माझं. आधी पाणी घ्या.”

पाणी पिऊन झाल्यावर आजींनी पिशवीतून एक सुतळी काढली. सुतळीला दोन गाठी होत्या. घरात खिडकी आणि देव्हारा यांच्यामध्ये जेवढी भिंत मोकळी आहे, तेवढी त्यांनी सुतळीवर मोजून आणली होती. ताईनं टेप लावला. दोन गाठींमधलं अंतर भरलं बरोबर ३० इंच.

नातू एकदम हिरमुसला. “आपल्याला तर बत्तीसचा पाहिजे होता.”

आजी उठायलाच लागल्या. ताई हसली. तिनं ती सुतळी ३२ इंची टीव्हीवर आडवी धरली. टीव्ही सुतळीच्या आतच राहिला! वर दीड बोट सुतळी शिल्लक. नातवाचे डोळे मोठे झाले. हे कसं?

टीव्हीचे इंच आडवे मोजत नाहीत, उभेही मोजत नाहीत. ते मोजतात तिरके, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ३२ इंची टीव्हीच्या चित्राची रुंदी असते सुमारे २८ इंच आणि उंची १६ इंचांना जरा कमी. विश्वास बसत नसेल तर वहीत गणित मांडा. २८ गुणिले २८ म्हणजे ७८४. १६ गुणिले १६ म्हणजे २५६. दोन्हींची बेरीज १०४०. आता ३२ गुणिले ३२ करा. १०२४ येतात. जवळजवळ तेवढेच. (जो थोडा फरक दिसतो, तो आपण १६ पुरते धरले म्हणून.) पुढच्या इयत्तेत पायथागोरस भेटेल तेव्हा त्याला ही सुतळी दाखवा.

आजी पुन्हा खाली टेकल्या. मग ताईनं तिच्याजवळचा पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागे लावला. पडद्यावर जेजुरीची यात्रा सुरू झाली. पायऱ्यांवर माणसंच माणसं, आणि हवेत भंडारा उधळलेला. सगळा पडदा पिवळाधमक! आजींनी नकळत हात जोडले.

“आजी, देव बघितलात. आता एक गंमत बघा.” ताईनं रिमोटचं बटण दाबलं. चित्र जागच्या जागी थांबलं, भंडारा हवेतच राहिला. मग तिनं दुरुस्तीच्या टेबलावरचं भिंग आणलं. सुटे भाग तपासायला दुकानात असतं तसलं. “ह्या पिवळ्या भंडाऱ्यावर भिंग धरा आणि डोळा लावा. पडद्याला फक्त बोट टेकवू नका.”

आजींनी भिंग धरलं. बराच वेळ बघितलं. भिंग काढून भंडाऱ्याकडे बघितलं. पुन्हा भिंग लावलं.

“अगं पोरी, पिवळा गेला कुठं?”

नातवानं भिंग घेतलं, मग मी घेतलं. मुलांनो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्या भंडाऱ्यात पिवळा रंग कुठेच नव्हता. दिसत होत्या बारीक उभ्या पट्ट्या. एक लाल, शेजारी एक हिरवी, शेजारी एक काळी पडलेली. पुन्हा लाल, हिरवी, काळी. शेतात सऱ्या पाडाव्यात तशा एकसारख्या. भिंग दूर नेलं की त्याच पट्ट्यांचा पिवळाजर्द भंडारा होत होता.

आता आजींनी काय केलं माहीत आहे? कमरेचा बटवा सोडला. त्यात कागदाच्या पुडीत खंडोबाचा खराखुरा भंडारा होता. चिमूटभर तळहातावर घेऊन त्यांनी त्यावर भिंग धरलं. तो भिंगाखालीही पिवळाच! “ह्यो पिवळा हाय. त्यो नाय,” आजी म्हणाल्या. शास्त्रज्ञ याहून वेगळं काय करतात? शंका आली, दोन वस्तू एकाच भिंगाखाली धरल्या आणि फरक शोधला.

ताईनं मग सांगितलं ते असं. पडद्याच्या मागे पांढरा उजेड असतो. त्याच्यापुढे असतात इवल्याशा झडपा, आणि प्रत्येक झडपेपुढे एकेक रंगीत काच असल्यासारखा पडदा. एक लाल, एक हिरवा, एक निळा. या तिघांचा मिळून एक ठिपका होतो, त्याला पिक्सेल म्हणतात. झडप उघडली की तो रंग उजळतो, मिटली की काळा पडतो, अर्धवट उघडली की मंद दिसतो. भंडाऱ्याच्या जागी लाल आणि हिरव्या झडपा उघड्या होत्या आणि निळ्या मिटलेल्या. जी काळी पट्टी दिसत होती ती म्हणजे झोपलेली निळी!

“आता हे पांढरं धोतर बघा,” ताई म्हणाली. आम्ही भिंग सरकवलं. तिथे लाल, हिरवी, निळी, तिन्ही उजळलेल्या. तिन्ही मिळून पांढरं.

दुकानातल्या त्या टीव्हीवर आडव्या रांगेत १३६६ ठिपके होते आणि अशा ७६८ रांगा. गुणाकार केला तर १०,४९,०८८ ठिपके. प्रत्येकात तीन झडपा, म्हणजे एकतीस लाखांहून जास्त झडपा! एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. नाचणीचा एक दाणा पडद्यावर चिकटवला तर त्याच्याखाली तीन-चार ठिपके सहज झाकले जातील. टीव्हीच्या बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा मला हीच जास्त थोर वाटते. एवढ्या झडपा सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा नव्यानं लावल्या जातात आणि आपल्याला त्यातली एकही हलताना दिसत नाही.

पण मग लाल आणि हिरवा मिळून पिवळा का दिसतो? रंगपेटीतले लाल आणि हिरवा एकत्र केले तर चिखलासारखा मळकट रंग होतो, हे तुम्ही करून बघितलं असेलच. रंगपेटीतला रंग उजेड गिळतो. दोन रंग मिसळले की दोघं मिळून जास्त उजेड गिळतात, म्हणून मळकट. टीव्हीवर मात्र रंग नसतोच, असतो नुसता उजेड, आणि उजेडात उजेड मिसळला की तो वाढतो.

खरी करामत मात्र टीव्हीची नाही, आपल्या डोळ्याची आहे. आपल्या डोळ्यात आत, मागच्या बाजूला, रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार लालसर उजेडाला जास्त जागा होतो, एक हिरव्याला, एक निळ्याला. पिवळ्यासाठी वेगळी पेशी नाहीच! खरा भंडारा बघतो तेव्हा लालवाल्या आणि हिरव्यावाल्या पेशी एकदम जाग्या होतात आणि मेंदू म्हणतो, “पिवळा!” टीव्ही एवढंच करतो, त्याच दोन पेशींना लाल आणि हिरव्या उजेडानं जागं करतो. मेंदूला निरोप तोच पोचतो.

नातवानं विचारलं, “आमच्या कोंबडीला पण तसंच दिसतं का?”

किती चांगला प्रश्न! ताई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ते मला माहीत नाही बाळा.” म्हणून उत्तर मी देते. कोंबडीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन नाही, चार प्रकारच्या असतात. आपल्याला न दिसणारा जांभळ्याच्या पलीकडचा थोडा उजेडही तिला दिसतो. टीव्ही बनवलाय माणसाच्या तीन पेशींचा हिशोब करून. त्यामुळे टीव्हीवरचा दाण्यांचा ढीग कोंबडीला खऱ्या दाण्यांसारखा दिसत नसणार.

एव्हाना आजी सैल झाल्या होत्या. ताईनं त्यांना विचारलं, “घरात टीव्ही कशावर बसून बघणार?”

“कशावर म्हंजी? खालीच.”

“मग इथंही खालीच बसून बघा.” तिनं दुकानात चटई टाकली. भिंतीवर उंचावर लावलेल्या टीव्हीसमोर आजी मांडी घालून बसल्या. खुर्चीतून छान दिसणारं चित्र आता फिकट, धुरकट झालं होतं! चित्रातली काळी शेळी राखाडी दिसायला लागली. त्या झडपांमधून उजेड समोर सरळ बाहेर पडतो तेव्हा हिशोब नीट बसतो. तिरकं बघितलं तर मिटलेल्या झडपेतूनही थोडा उजेड डोळ्यांपर्यंत येतो, आणि काळं काळं राहत नाही. काही टीव्हींत हे कमी होतं, काहींत जास्त. ताईनं शेजारचा दुसरा टीव्ही लावला. त्यावर खालूनही शेळी काळीच होती. आजींनी बोट दाखवलं, “ह्यो.” लावताना फार उंच लावू नका, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल एवढाच ठेवा, असं ताईनं दोनदा सांगितलं.

आणखी एक गोष्ट तिनं केली, ती सगळ्या दुकानांत करत नाहीत. दुकानात टीव्ही भडक रंगांवर लावून ठेवलेले असतात, ट्यूबलाइटच्या झगझगाटात उठून दिसावेत म्हणून. तिनं तो साध्या रंगांवर आणला आणि म्हणाली, “आजी, घरी असं दिसेल. पसंत असेल तरच घ्या.” विजेचा हिशोबही तिनंच सांगितला. टीव्हीवर ५० वॅट लिहिलेलं होतं. रोज चार तास लावला तर ५० गुणिले ४ म्हणजे २००. असे पाच दिवस झाले की १०००, म्हणजे एक युनिट. महिन्याला सहा युनिट. आजींनी बोटांवर मोजून मान डोलावली.

आता उरला रिमोट. आजींना खरी भीती त्याचीच होती. एवढी बटणं! ताईनं रिमोट त्यांच्या हातात दिला. आजींनी तो उलटा धरला, टोक स्वतःकडे, आणि आवाजाचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. त्या घाबरून म्हणाल्या, “बघ, बिघडला!”

“नाही आजी. तुम्ही बॅटरी स्वतःच्या पोटावर मारताय.”

“बॅटरी? मला तर उजेड दिसंना.”

ताईनं तिचा मोबाईल काढला, कॅमेरा सुरू केला आणि रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरलं. “आता दाबा.” मोबाईलच्या पडद्यावर रिमोटच्या टोकाला जांभळट पांढरा दिवा लुकलुकला! रिमोटकडे थेट बघितलं तर काहीच नाही. मोबाईलमधून बघितलं तर दिवा. आजींनी सात-आठ वेळा दाबून बघितलं. नातवानं मागून पुढून तपासलं.

रिमोटच्या टोकाला खरोखरच दिवा असतो. तो लाल रंगाच्याही अलीकडचा उजेड देतो, त्याला अवरक्त किरण म्हणतात. आपल्या डोळ्यातल्या तिन्ही पेशींपैकी एकीलाही तो जाग आणत नाही. मोबाईलच्या कॅमेऱ्याला मात्र तो थोडा कळतो. (मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. बऱ्याच मोबाईलमध्ये मागच्या बाजूला हे किरण अडवणारी काच असते.)

पण अवरक्त उजेड तर उन्हातही असतो, चुलीच्या निखाऱ्यातही असतो. मग टीव्हीला कसं कळतं की हा रिमोटच? म्हणून रिमोटचा दिवा नुसता लागत नाही, तो बहुतेक रिमोटमध्ये सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो. ऊन असं लुकलुकत नाही, निखारा तर नाहीच. टीव्ही फक्त याच वेगाच्या लुकलुकण्याकडे लक्ष देतो. आणि त्या लुकलुकण्यातही मध्ये मध्ये थांबे असतात, काही आखूड, काही लांब. प्रत्येक बटणाची थांब्यांची रांग वेगळी. आवाज वाढवण्याची एक, चॅनेल बदलण्याची दुसरी. ढोलावर वेगवेगळे ठेके असतात ना, तसं. चुकीचं बटण दाबलं म्हणजे चुकीचा ठेका वाजला, एवढंच. पुन्हा बरोबर ठेका वाजवायचा.

आजींनी मग स्वतःहून प्रयोग सुरू केले. रिमोटच्या तोंडावर तळहात ठेवला, टीव्ही ऐकेना. लुगड्याचा पातळ पदर ठेवला, ऐकला! नातवानं टीव्हीकडे पाठ केली, रिमोट समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखला आणि बटण दाबलं. आवाज वाढला. उजेड भिंतीवर आपटून टीव्हीकडे गेला होता.

ताईनं तेवढ्यात कामाची गोष्ट सांगून घेतली. रिमोट चालेनासा झाला की आधी मोबाईलमधून बघायचं. दिवा दिसला नाही तर सेल संपले किंवा आतल्या स्प्रिंगला गंज चढला. दिवा दिसतो आणि तरी टीव्ही ऐकत नाही, तर टीव्हीच्या खालच्या कडेला जी बारीक काळी खिडकी असते तिच्यासमोर काहीतरी आलंय. “बहुतेक वेळा फुलांचा हार असतो आजी. नवीन टीव्हीला हार घालतात आणि मग मला फोन करतात, रिमोट गेला म्हणून.”

आजींनी लगेच नातवाला बजावलं, “हार नाय घालायचा. नुसतं कुंकू. ते बी कोपऱ्यात.”

राहिली छपरावरची डिश. दर महिन्याला पैसे भरायला नकोत म्हणून आजींनी दूरदर्शनची फ्री डिश घ्यायचं ठरवलं. सह्याद्री वाहिनी तीवर दिसते. नातवानं विचारलं, “ती तोंड कुठं करून लावायची?”

ताई दुकानाबाहेर आली. उजवा हात आग्नेयेला करून तिनं आभाळात वर दाखवलं, डोक्यावरच्या आणि क्षितिजाच्या मध्ये, जरा वरच्या अंगाला. “तिकडं. तिथं एक उपग्रह आहे. दिवसा, रात्री, कायम तिथंच.”

त्याचं नाव जीसॅट-१५. तो विषुववृत्ताच्या वर, सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला हिंदी महासागरावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वी जेवढ्या वेळात स्वतःभोवती एक फेरी मारते, तेवढ्याच वेळात तो पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. म्हणून आपल्याला तो एकाच जागी टांगल्यासारखा वाटतो. कार्यक्रमाच्या लहरी जमिनीवरून त्याच्याकडे जातात आणि तिथून परत खाली येतात. जाऊन येऊन ७३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानं आल्या तरी त्यांना जवळजवळ पाव सेकंद लागतो. “आत्ता” म्हणून जे आपण थेट बघतो, ते निदान पाव सेकंद जुनं असतं.

एवढ्या लांबून आलेली लहर अगदी क्षीण असते. म्हणून डिश लागते. तिचा खोलगट आकार असा बेतलेला असतो की त्या एकाच दिशेनं आलेल्या सगळ्या लहरी आपटून एका जागी गोळा होतात, आणि त्या जागी डिशचं ते पुढे आलेलं बोंडूक बसवलेलं असतं.

“माझं माहेर खोडदचं,” ताई म्हणाली. “आमच्या शेताच्या बांधावरून मोठ्या डिश दिसायच्या. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या मोठ्या डिशवर किती चॅनेल येत असतील!”

मुलांनो, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला काय आहे, माहीत आहे ना? जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. तिच्या ३० डिश आहेत आणि प्रत्येक डिश ४५ मीटर रुंद. आजींच्या छपरावरची डिश असते ६० सेंटिमीटरच्या आसपास. हिशोब केला तर खोडदच्या एका डिशमध्ये आजींच्या पाच हजारांहून जास्त डिश मावतील! आणि तिचं तोंड उपग्रहाकडे नाही, दूरच्या ताऱ्यांकडे आणि दीर्घिकांकडे. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं एक छोटं यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याची क्षीण हाक सतरा कोटींहून जास्त किलोमीटरवरून याच खोडदला ऐकू आली. उतरायच्या जरा आधी ती हाक थांबली. यान मंगळावर आदळलं होतं.

पण ताईनं जी गोष्ट लहानपणापासून बघितली होती, ती सगळ्यांत मजेची. खोडदच्या डिश भरीव पत्र्याच्या नाहीत. त्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत, आरपार आभाळ दिसतं! घरची डिश मात्र पत्र्याची. असं का? ज्या लहरी पकडायच्या त्यांच्या लांबीवर ते ठरतं. घरच्या डिशवर येणारी लहर साधारण अडीच सेंटिमीटर लांब, अंगठ्याच्या पेराएवढी. खोडदला ज्या लहरी पकडतात त्यातली सगळ्यांत आखूडही सुमारे २१ सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या वितीएवढी. जाळीची भोकं लहरीपेक्षा खूप लहान असली की लहरीला ती भोकं जाणवतच नाहीत, ती पत्र्यावर आपटावी तशी परत फिरते. वारा मात्र भोकांतून निघून जातो. ४५ मीटरची भरीव डिश आपल्याकडच्या वावटळीत उभी ठेवायची म्हणजे केवढा खर्च!

ही अंगठ्याच्या पेराएवढी लहर आजींच्या टीव्हीला पुढे एकदा नडली, तेही मला ताईकडूनच कळलं.

आषाढात त्या भागात पाऊस असा पडतो की समोरचं घर दिसत नाही. एका संध्याकाळी नातवाचा फोन आला. “ताई, टीव्ही गेला. नुसतं No Signal लिहून येतंय.”

“ती अक्षरं नीट दिसतायत?”

“हो.”

“मग टीव्ही ठणठणीत आहे. ती अक्षरं टीव्हीच काढतो ना! पाऊस ओसरू दे.”

अडीच सेंटिमीटरच्या लहरीला मुसळधार पावसाचे थेंब गिळतात आणि इकडेतिकडे उधळतात. पाऊस कमी झाला की चित्र आपोआप येतं. खोडदच्या लांब लहरींना पाऊस असा अडवत नाही.

पण दुसऱ्या दिवशी उघडीप पडली, कोवळं ऊन आलं, तरी तीच अक्षरं. पुन्हा फोन. आता पाऊस नव्हता, म्हणजे कारण दुसरं. ताईनं विचारलं, “रात्रीतून छपरावर कोण आलं होतं का?” नातू हसला. सकाळीच वानरांची टोळी छपरावरून गेली होती.

डिश बसवणाऱ्या माणसाकडून ताईनं एक काम आठवणीनं करून घेतलं होतं. डिश नीट जुळल्यावर खांबावर आणि डिशच्या पट्टीवर मिळून ऑइलपेंटची एक सरळ रेघ. नातवाच्या काकांनी शिडी लावून बघितलं, तर खांबावरची रेघ आणि पट्टीवरची रेघ यात बोटभर फट पडली होती. एवढ्याशा डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढी. वानरानं टेकू घेतला असेल, आणि डिश उपग्रहाच्या शेजारच्या रिकाम्या आभाळाकडे बघत बसली. काकांनी दोन्ही रेघा पुन्हा जुळवल्या, नट आवळला. नातू खाली टीव्हीसमोर बसून सिग्नलची पट्टी बघत होता. पट्टी वर चढली तसा तो ओरडला, “आला!” आजी चुलीपुढून उठून आल्या आणि रिमोट घेऊन आवाज त्यांनी स्वतः लावला. रिमोटचं टोक टीव्हीकडेच होतं.

आता तुमची पाळी. आज संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून टीव्हीवरच्या एखाद्या पिवळ्या वस्तूवर भिंग धरा, पडद्याला न टेकवता. रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबा. मग खाली उतरून गल्लीतल्या डिश मोजा आणि त्यांची तोंडं कुठल्या दिशेला आहेत ते लिहून काढा. सगळ्या एकाच दिशेला नसतील, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी आहेत. पण उत्तरेला तोंड केलेली डिश तुम्हाला एकही सापडणार नाही. का, ते जीसॅट-१५ कुठे आहे ते पुन्हा वाचून शोधा. छपरावर मात्र चढायचं नाही, आणि विजा कडाडायला लागण्याआधीच टीव्हीचा प्लग आणि डिशची वायर मोठ्यांना काढून ठेवायला सांगायचं. तुमच्या गल्लीत काय सापडलं ते पोस्टकार्डावर लिहून आम्हाला नक्की कळवा.